‘मान्य केलं’ म्हणजे नेमकं किती मान्य केलं? अपिलाच्या सुनावणीचा सारांश काढताना

आमच्या शिवाजीनगरच्या ऑफिसात नवीन आलेल्या ज्युनिअरने एका अपिलाच्या सुनावणीचा सारांश करून आणला. दीड पान, सुबक टायपिंग, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. त्यात मधोमध एक वाक्य होतं: ‘जाबदाराच्या वकिलांनी दहा लाख रुपये मिळाल्याचं मान्य केलं.’ मी तिला सुनावणीची मूळ टिपणं पुन्हा उघडायला लावली. तिथे वकिलांचं उत्तर असं होतं: ‘सात लाख चेकने आले, त्याबद्दल वाद नाही. रोख तीन लाखांची पावती आम्हाला मान्य नाही.’

सारांशात तीन लाखांचा वाद गायब झाला होता. तिने मुद्दाम खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त वाक्य आखूड केलं होतं. सुनावणीच्या सारांशात नुकसान बहुतेक वेळा असंच होतं, म्हणून या एकाच प्रकरणाच्या आधाराने सगळं सांगतो. नावं, आकडे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

आधी वाद काय होता ते. हवेली तालुक्यातली वीस गुंठे जमीन. 2009 मध्ये साठेखत झालं, किंमत चाळीस लाख. खरेदीदाराचं म्हणणं, दहा लाख दिले, उरलेले तीस खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. मालक खरेदीखत करून देईना म्हणून 2011 मध्ये नोटीस पाठवली, 2012 मध्ये पुण्यात दावा लावला. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. कारण असं की करार पुरा करून मागणाऱ्याने आपण स्वतः आपली बाजू पुरी करायला तयार होतो, हे सिद्ध करावं लागतं. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 16 मध्ये ही अट आहे आणि वकील मंडळी तिला ‘रेडिनेस अँड विलिंगनेस’ म्हणतात. विलिंगनेस म्हणजे इच्छा, रेडिनेस म्हणजे प्रत्यक्ष तयारी, त्यात पैशांची ऐपतही आली. खरेदीदार अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेला, मालक तिथे जाबदार. (ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आम्ही आपले पहाटेची गाडी धरून मुंबईला.)

रोजच्या अपिलांचं शब्दशः टिपण करायला आम्ही दोन ज्युनिअर शेजारी बसवतो. दोघं वेगवेगळं लिहून घेतात आणि संध्याकाळी जुळवतात. सर्वोच्च न्यायालयात घटनापीठासमोरच्या सुनावण्यांचं शब्दांकन फेब्रुवारी 2023 पासून वाचायला मिळू लागलं. त्याची सुरुवात झाली ती आपल्याकडच्याच, शिवसेनेतल्या फुटीच्या प्रकरणापासून. कागद कुठूनही आलेला असो, पहिलं काम एकच: बोलणारा कोण हे प्रत्येक ओळीला पक्कं करणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत प्रतींमध्येही 2004 पर्यंत न्यायमूर्तींचं नाव नसे, नुसतं ‘प्रश्न’ असं छापलेलं असे. तीन न्यायमूर्तींचे तीन वेगळे रोख एकाच माणसाच्या तोंडी गेले तर पीठ गोंधळलेलं वाटतं. प्रत्यक्षात तिघं तीन वेगळ्या गोष्टी विचारत असतात.

आता त्या सुनावणीचा मधला भाग. कोर्टातलं बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देतो.

पहिले न्यायमूर्ती: बाकीचे तीस लाख 2011 मध्ये तुमच्याकडे होते हे दाखवणारा एक कागद दाखवा.

अपिलकर्त्याचे वकील: बँकेचं पासबुक रेकॉर्डवर नाही, हे मला सांगावंच लागेल. पण निशाणी 34 ची नोटीस पाहावी. तीत आम्ही रक्कम घेऊन तयार आहोत असं स्पष्ट लिहिलं आहे.

दुसरे न्यायमूर्ती: नोटिशीतून इच्छा दिसली. तयारी कुठे दिसते?

वकील: माझ्या अशिलाच्या उलटतपासात ऐपतीवर एकही प्रश्न विचारलेला नाही. मी याकडे परत येतो.

पहिले न्यायमूर्ती: समजा, या मुद्द्यावर आम्ही तुमच्या विरोधात गेलो. मग दहा लाखांचं काय?

वकील: तसं झालंच तर रक्कम व्याजासह परत मिळावी. पण माझी मुख्य मागणी खरेदीखताचीच आहे.

दुसरे न्यायमूर्ती: परताव्याची मागणी दाव्यात केली आहे का?

वकील: सूचना घेऊन सांगतो.

या दहा-बारा ओळींत सारांश करणाऱ्याने काय पाहायचं? मी आधी फक्त न्यायमूर्तींच्या ओळी वाचतो. वकिलांचं बोलणं झाकून ठेवलं तरी चालेल. असं वाचलं की पीठाला कुठे अडतंय ते दिसतं. इथे दोन ठिकाणी अडतं आहे: पैशांचा पुरावा, आणि परताव्याची मागणी. पैकी दुसरा प्रश्न ज्युनिअरच्या सारांशात नव्हताच, कारण त्याला उत्तर मिळालं नव्हतं. तिच्या दृष्टीने तिथे ‘काही घडलं नाही’.

माझ्या मते त्या दिवसातला तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. त्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे दिलेली रक्कम परत हवी असेल तर ती दाव्यात मागावी लागते. मागितली नसेल तर दावा कोणत्याही टप्प्यावर असताना दुरुस्ती करून ती घालण्याची मुभा कोर्ट देतं. म्हणजे न्यायमूर्तींनी एका वाक्यात अपिलकर्त्याला पुढचं काम दाखवलं होतं: दावा उघडून बघा, मागणी नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. अनुत्तरित प्रश्न म्हणूनच सारांशात वेगळे लिहायचे. ‘परत येतो’ असं म्हणून वकील खरंच परत आले का, हे शेवटपर्यंत वाचून तपासायचं आणि नसतील आले तर ‘उत्तर आलं नाही’ एवढंच लिहायचं. ‘उत्तर देता आलं नाही’ असं लिहिलं की तो आपला निकाल झाला. त्या दिवशी वेळ संपली होती, इतकंच.

प्रश्नांबद्दल दुसरी सवय लागते ती त्यातून निकाल वाचण्याची. अशील फोनवर पहिलं तेच विचारतो, ‘जज आपल्या बाजूने वाटले का?’ कडक प्रश्न विचारणारे न्यायमूर्ती कधीकधी ज्या बाजूला निकाल द्यायचा आहे तिलाच विचारत असतात, कारण निकालपत्रात ती अडचण त्यांना स्वतःला ओलांडायची असते. ‘समजा’ने सुरू होणारा प्रश्न तर निव्वळ चाचणी असते. त्यामुळे सारांशात ‘न्यायमूर्तींचं मत पडलं की’ असं न लिहिता ‘न्यायमूर्तींनी विचारलं की’ असं लिहायचं, आणि प्रश्न शक्य तितका त्यांच्याच शब्दांत ठेवायचा.

आता कन्सेशनकडे येऊ. मराठीत याला नेमका शब्द नाही. ‘सवलत’ म्हटलं तर एसटीचं तिकीट आठवतं, ‘कबुली’ला फौजदारी वास येतो. कोर्टात उभं राहून वकील एखादा मुद्दा सोडून देतात किंवा विरुद्ध बाजूचा खरा मानतात, ते कन्सेशन. वरच्या उताऱ्यात खरं कन्सेशन एकच आहे: पासबुक रेकॉर्डवर नाही. त्याची हद्दही त्याच वाक्यात आहे. वकिलांनी पैसे नव्हते असं म्हटलेलं नाही, पैशांचा हा एक कागद पुराव्यात नाही असं म्हटलं आहे. ‘अपिलकर्त्याने आर्थिक ऐपत नसल्याचं मान्य केलं’ असं कोणी लिहिलं तर अपील कागदावरच हरल्यात जमा आहे.

दुसरं दिसायला कन्सेशन वाटतं ते परताव्याचं उत्तर. ‘तसं झालंच तर’ हे तीन शब्द त्याला कन्सेशन होऊ देत नाहीत. ती दुय्यम मागणी आहे, मुख्य मागणी जागेवर आहे. ‘वादापुरतं धरून चालू’ असं वकील म्हणतात तेव्हाही तसंच. याच्या उलट, ‘या मुद्द्यावर माझा जोर नाही’ हे वाक्य ऐकायला किती मऊ आहे! पण ते म्हणजे मुद्दा सोडल्यासारखंच. शब्दांकनात ते पुष्कळदा अर्ध्या ओळीत येतं, दोन मोठ्या परिच्छेदांच्या मध्ये, आणि नजरेतून सुटतं. मी ज्युनिअर असताना माझ्याकडून असं एकदा सुटलं होतं. पुढच्या तारखेला आमचे सिनिअर तोच मुद्दा घेऊन उभे राहिले आणि समोरून शांतपणे ‘हा तर गेल्या वेळी सोडला आहे’ असं आलं. सिनिअर मला काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

कन्सेशनची हद्द पुसली गेल्यावर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि त्याच्या दोन्ही सुनावण्यांची शब्दांकनं कोणालाही वाचता येतात. ‘सिटिझन्स युनायटेड’ नावाच्या संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारी फिल्म केली होती. निवडणुकीच्या तोंडावर कंपन्या-संस्थांच्या पैशाने असा प्रचार प्रसारित करायला कायद्याने बंदी होती. प्रकरण अपिलात सर्वोच्च न्यायालयात आलं आणि 24 मार्च 2009 रोजी सुनावणी झाली. न्यायमूर्ती अलिटो यांनी सरकारी वकील माल्कम स्टुअर्ट यांना विचारलं, की हेच तत्त्व पुस्तकाला लावता येईल का? स्टुअर्ट म्हणाले, राज्यघटनेच्या दृष्टीने संसदेला हे निर्बंध इतर माध्यमांनाही लावता आले असते. अलिटोंनी विचारलं, म्हणजे पुस्तकावर बंदी घालता येईल? त्यावर स्टुअर्ट यांचं उत्तर, थोडक्यात, असं होतं: बंदी घालता येईल असं मी म्हणत नाही, कंपनीने स्वतःच्या तिजोरीतला पैसा त्यासाठी वापरू नये, वेगळ्या राजकीय निधीतून पुस्तक काढावं, असं संसद सांगू शकते. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी आणखी ताणलं: पाचशे पानांचं पुस्तक आहे आणि अगदी शेवटी ‘म्हणून अमक्याला मत द्या’ असं एकच वाक्य आहे, तर? तर तेही कायद्यात बसेल, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या तोंडी झालेला सारांश एका ओळीचा होता: सरकार म्हणतं, आम्ही पुस्तकांवर बंदी घालू शकतो. मूळ उत्तरात तीन कुंपणं होती. पैसा कंपनीचा असावा, पुस्तक थेट मत मागणारं असावं, आणि वेगळ्या निधीतून तेच पुस्तक काढण्याची वाट खुली असावी. एका ओळीत तिन्ही उडाली. पण खरं सांगायचं तर चांगल्या सारांशात कुंपणांसोबत हेही लिहावं लागलं असतं, की या उत्तराने पीठ अस्वस्थ झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिली दुसरीसाठी वगळायची नसते.

न्यायालयाने जूनमध्ये फेरसुनावणीचा आदेश दिला. 9 सप्टेंबर 2009 रोजी सरकारतर्फे एलेना केगन उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी तोच धागा धरला: गेल्या वेळी उत्तर होकारार्थी होतं, अजूनही तेच आहे का? केगन म्हणाल्या, सरकारचं उत्तर बदललं आहे. कोर्टात हशा पिकला. पण बदललं किती, ते पुढच्या वाक्यांत आहे. कायद्याच्या शब्दांत पुस्तक येतं हे त्यांनी नाकारलं नाही. पुस्तकाला तो लावायचा प्रयत्न झाला तर त्याला आव्हान देण्यासाठी चांगला आधार असेल, एवढंच त्या म्हणाल्या. मग रॉबर्ट्स यांनी विचारलं, आणि पत्रक? पत्रकाची गोष्ट वेगळी, असं उत्तर आलं. म्हणजे नुसतं ‘सरकारने माघार घेतली’ असं लिहिलं तर सारांश पुन्हा चुकला. माघार पुस्तकापुरती, तीही अर्धी, आणि पत्रकाच्या बाबतीत जुनी भूमिका कायम.

जानेवारी 2010 मध्ये निकाल पाच विरुद्ध चार असा सरकारच्या विरोधात गेला. सरकारला अडचणीत आणणारा तो प्रश्न विचारणाऱ्या गिन्सबर्ग मात्र अल्पमतात, म्हणजे सरकारच्या बाजूने होत्या. त्यांच्या प्रश्नावरून त्यांचं मत ओळखायला गेलेला माणूस सपशेल तोंडावर पडला असता.

आपल्याकडे कन्सेशनला आणखी एक वळण आहे. वकिलाने वस्तुस्थितीबद्दल स्पष्टपणे मान्य केलेलं साधारणपणे अशिलाला बांधतं. कायद्याच्या अर्थाबद्दल चुकून मान्य केलेलं बांधत नाही, कारण कायदा काय आहे हे ठरवणं कोर्टाचं काम. म्हणून सारांशात प्रत्येक कन्सेशनपुढे मी कंसात ‘वस्तुस्थिती’ किंवा ‘कायदा’ असं लिहायला लावतो. ‘पासबुक रेकॉर्डवर नाही’ ही वस्तुस्थिती. उद्या समजा वकील ‘नोटीस म्हणजे तयारीचा पुरावा होऊ शकत नाही’ असं म्हणाले असते, तर तो कायद्याचा मुद्दा झाला असता आणि त्यातून परत फिरायला वाट राहिली असती.

आणि निकालपत्रात कन्सेशन चुकीचं नोंदलं गेलं तर? 1982 मध्ये रामदास श्रीनिवास नायक यांच्या प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्यावर खटला भरायला राज्यपालांची मंजुरी, असा तो वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालात एक कन्सेशन नोंदलेलं होतं, आणि तिथे राज्यातर्फे बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील दिल्लीत म्हणाले की मी असं काही म्हटलंच नव्हतं, माझा लेखी युक्तिवाद बघा. सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. न्यायालयात काय घडलं याबद्दल निकालपत्रात जे नोंदलं आहे ते अंतिम. चूक झाली असं वाटत असेल तर गोष्ट न्यायमूर्तींच्या आठवणीत ताजी आहे तोवर त्यांच्याचकडे जाऊन सांगा, असा त्याचा सार. टिपणं तारखेच्या दिवशीच जुळवायचा हट्ट मी का धरतो, याचं उत्तर इथे आहे. निकाल आल्यावर ‘आम्ही असं म्हटलं नव्हतं’ हे सांगायला दिवस फार थोडे असतात, आणि नेमके शब्द, पान, ओळ हाताशी नसेल तर न्यायमूर्तींपुढे जाऊन म्हणणार काय?

ज्युनिअरने मग तो सारांश पुन्हा लिहिला. पानाची मांडणी तिने वेळेप्रमाणे न ठेवता मुद्द्यांप्रमाणे केली, कारण पैशांच्या पुराव्याचा प्रश्न पीठाने सकाळी विचारला होता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जाबदाराच्या वकिलांनाही उलट बाजूने विचारला होता: ऐपत नव्हती असं तुम्ही म्हणता, मग उलटतपासात ते सुचवलं का नाही? आधीच्या मसुद्यात हे दोन प्रश्न दोन पानांवर होते आणि ते एकाच गोष्टीबद्दल आहेत हे कळतच नव्हतं. शेजारी ठेवल्यावर दिसलं की पीठ दोन्ही बाजूंना तोलून बघत होतं.

दहा लाखांच्या वाक्याच्या जागी आता हे होतं: ‘साठेखतावरची सही जाबदाराला मान्य (वस्तुस्थिती, पान 11). सात लाख चेकने मिळाल्याचं मान्य (वस्तुस्थिती, पान 11). रोख तीन लाखांची पावती अमान्य. या पावतीबद्दल पीठाने काही विचारलं नाही. परताव्याची मागणी दाव्यात आहे का, हा दुसऱ्या न्यायमूर्तींचा प्रश्न (पान 7). अपिलकर्त्याचे वकील सूचना घेऊन सांगणार होते, दिवसअखेर उत्तर आलेलं नाही.’

तिने खाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘सर, दावा उघडून बघितला. परताव्याची मागणी नाहीये.’ आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा करायला बसलो.